तीन कागद, तीन नावं: एनपीएस खातं उघडण्याचं एक प्रकरण

वहिनींचा फोन आला तो शनिवार, १८ जानेवारी २०२५ चा दिवस होता. कोल्हापुरात त्यांचं स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, वय ३८. नोकरी नसल्यामुळे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. त्यांच्या सीएंनी सांगितलं होतं की मार्चच्या आत राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, पन्नास हजार भरले तर कर वाचेल. "भावजी, तुम्ही लोकांची खाती उघडून देता ना? मग माझं आज संध्याकाळीच उरकून टाकू. वीस मिनिटांत होतं म्हणतात."

होतं खरंच वीस मिनिटांत. आम्हाला मात्र पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे कुठे गेले, हेच या प्रकरणात सांगण्यासारखं आहे. राष्ट्रीय पेन्शन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे, आणि अर्ज ऑनलाइन आल्यापासून भरायला सोपाही झाला आहे. अडतं ते अर्जाच्या बाहेर, घरातल्या कागदांच्या फाइलमध्ये.

ओटीपी दादाच्या मोबाइलवर

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ई-एनपीएसच्या पानावर आधी नोंदी ठेवणारी संस्था निवडायची असते. तिला सीआरए म्हणतात. प्रोटीन, केफिनटेक आणि कॅम्स अशा तीन संस्था आहेत. खात्याच्या नोंदी, स्टेटमेंट आणि पत्ता-बदल ही कामं त्यांच्याकडे असतात. पैसे गुंतवण्याशी त्यांचा संबंध नसतो. इथे फार विचार करायची गरज नाही. आम्ही एक निवडली, टियर १ या पेन्शनच्या मुख्य खात्यावर खूण केली, आणि ओळख पटवण्यासाठी आधारचा पर्याय घेतला.

आधार क्रमांक टाकला, ओटीपी पाठवला, आणि शेजारी ठेवलेला दादाचा फोन वाजला. आधारच्या शिबिरात वहिनींनी घरातला एकच नंबर म्हणून दादाचा दिला होता, तो तसाच राहिला. आमच्याकडे हे इतक्या घरांत दिसतं की आता मी अर्ज उघडण्याआधीच विचारतो: आधारला कुणाचा मोबाइल जोडलेला आहे?

दादा समोरच बसला होता. ओटीपी वाचून दाखवला असता तर काम पुढे गेलं असतं. वहिनी तसंच म्हणाल्या. मी नको म्हटलं, कारण अर्ज संपताना सहीसाठी पुन्हा आधारचाच ओटीपी लागतो, आणि पुढे बावीस वर्षं या खात्यात काहीही बदलायचं झालं की तोच नंबर आडवा येणार. खातं वहिनींचं, तर किल्लीही त्यांच्याकडेच हवी. आधारला जोडलेला मोबाइल तेव्हा घरबसल्या बदलता येत नव्हता; बोटांचे ठसे द्यावे लागत. सोमवारी त्या आधार केंद्रात जाऊन आल्या, ५० रुपये फी भरली, आणि आठवड्याच्या आत नवा नंबर जोडला गेला. ज्यांना केंद्रापर्यंत जाणं जमत नाही त्यांच्यासाठी पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊनही हे काम करतो.

माहेरचं नाव, सासरचं नाव

मोबाइलचं काम मार्गी लागत होतं तेवढ्यात मी तीन कागद मागून घेतले: आधार, पॅन आणि रद्द केलेला चेक. ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि खरी अडचण समोर आली.

पॅनवर त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. बँकेचं खातं लग्नाआधीचं, त्यामुळे तिथेही तेच. आधार मात्र २०२२ मध्ये मुलीच्या शाळेच्या कामासाठी बदलून घेतलेलं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅन आणि आधार एकमेकांना जोडलेले होते, कारण जोडणी केली तेव्हा दोन्हीकडे माहेरचं नाव होतं. आधारवर नाव बदललं म्हणून जुनी जोडणी तुटत नाही. म्हणूनच इतकी वर्षं रिटर्न भरताना कुणाला काही खटकलं नव्हतं.

नाव, मधलं नाव, आडनाव ही आपली पद्धत आणि लग्नानंतर त्यातली दोन बदलण्याची रीत, यामुळे मराठी बायकांच्या बाबतीत हा घोळ ठरलेलाच असतो. संगणक दोन नावं ताडून बघतो तेव्हा त्याला फक्त अक्षरं कळतात. तीनपैकी दोन शब्द वेगळे असतील तर त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका.

वाट काढता आली असती. पॅन आणि बँक यांचं नाव जुळत होतं, तेव्हा आधार बाजूला ठेवून बँकेच्या शाखेतून माहेरच्या नावाने खातं उघडता आलं असतं. मी ते करू दिलं नाही, आणि तसं का, ते नीट सांगायला हवं. पेन्शन नियामक पीएफआरडीएने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक नियम कडक केला. खात्यातून पैसे काढताना, योजनेतून बाहेर पडताना किंवा बँक खातं बदलताना आधी त्या बँक खात्यात नाममात्र रक्कम टाकून बघतात. बँकेकडून जे नाव परत येतं ते एनपीएसमधल्या नावाशी जुळलं तरच विनंती पुढे सरकते. याला पेनी ड्रॉप म्हणतात. म्हणजे आज नावाचा फरक तसाच ठेवला तर तो मिटणार नाही, साठीला पैसे मागायच्या दिवशी परत उभा राहील. त्या वयात लग्नाचा दाखला शोधत, पॅन आणि बँक यांच्यात हेलपाटे घालण्यापेक्षा अडतिसाव्या वर्षी चार आठवडे थांबणं कितीतरी स्वस्त.

कुठलं नाव ठेवायचं हा निर्णय वहिनींचा होता. माहेरचं नाव ठेवायचं तर फक्त आधार मागे फिरवावं लागलं असतं, काम एकच. पण पासपोर्ट आणि मुलीच्या शाळेचे कागद सासरच्या नावाने झाले होते, म्हणून त्यांनी तेच कायम केलं. आधारवरचं नाव आधीच बदललेलं असल्याने पॅनची दुरुस्ती आधारच्या ई-केवायसीवर, कागद न पाठवता करता आली. शंभर-सव्वाशे रुपये फी, पॅन क्रमांक तोच राहतो, फक्त नाव बदलतं. २५ जानेवारीला अर्ज केला, ६ फेब्रुवारीला नवं ई-पॅन मेलवर आलं.

बँकेने मात्र वेळ घेतला. लग्नाचा दाखला, नवं पॅन आणि आधार देऊन अर्ज केला. चार दिवसांनी "नाव बदललं आहे" असा मेसेजही आला. तरी मी वहिनींना म्हटलं, माझ्या खात्यातून तुम्हाला यूपीआयने एक रुपया पाठवतो, कुठलं नाव दिसतं ते बघू. पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं ना, ते बघायचं. आलं माहेरचंच! शाखेत चौकशी केली तेव्हा कळलं की ग्राहक म्हणून नाव बदललं होतं, पण त्या खात्यावर छापलं जाणारं नाव जुनंच राहिलं होतं. पेनी ड्रॉपमध्ये परत येतं ते हे दुसरं नाव. पुन्हा अर्ज, आणखी एक आठवडा. २० तारखेला एक रुपया पुन्हा पाठवला, तेव्हा नाव आधारप्रमाणे दिसलं. एनपीएस उघडू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही एक रुपयाची चाचणी आधी करावी. बँकेच्या मेसेजवर विसंबू नये.

अर्जातल्या दोन जागा

२४ फेब्रुवारीच्या सोमवारी रात्री पुन्हा बसलो. यावेळी ओटीपी वहिनींच्या फोनवर आला, आधारवरून नाव, पत्ता, जन्मतारीख आपोआप भरली गेली. पॅन टाकल्यावर लगेच पडताळणी झाली. सहीचा फोटो पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करून चढवला.

दोन ठिकाणी हात थांबवावा लागला. एक, वडिलांचं नाव. लग्न झालेल्या बायका सवयीने इथे नवऱ्याचं नाव लिहितात, कारण मधल्या नावात आता तेच असतं. इथे वडिलांचंच नाव हवं. दुसरं, वारस. वहिनींनी दादाला आणि नऊ वर्षांच्या मुलीला निम्मं-निम्मं लिहिलं. मुलगी अज्ञान असल्याने तिच्यासाठी पालकाचं नाव द्यावं लागतं. ते राहिलं तर पान पुढे जात नाही आणि का जात नाही ते पटकन लक्षात येत नाही.

फंड व्यवस्थापक: जिथे सगळे अडतात

पुढचं पान फंड व्यवस्थापकाचं. एसबीआय, एलआयसी, युटीआय, एचडीएफसी, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल, कोटक, टाटा, अ‍ॅक्सिस अशी यादी समोर येते. वहिनींनी मोबाइलवर एका वर्षाच्या परताव्याचा तक्ता काढून ठेवला होता. "हा पहिला आहे, हाच घेऊ या."

मी आधी खालचा दुसरा रकाना दाखवला, पैसे कशात किती गुंतवायचे ते ठरवणारा. तो न बघता पुढे गेलात तर पैसे आपोआप "मध्यम" गटात, म्हणजे एलसी ५० मध्ये जातात. हा वयानुसार बदलणारा पर्याय आहे. पस्तिशीपर्यंत निम्मे पैसे शेअर्समध्ये, नंतर दर वाढदिवसाला दोन टक्के कमी, पंचावन्नला दहा टक्के. वहिनींच्या ३८ व्या वर्षी ते ४४ टक्के भरतात. एलसी ७५ मध्ये पस्तिशीपर्यंत ७५, मग वर्षाला तीन टक्के कमी, म्हणजे त्यांच्यासाठी ६६ टक्के. एलसी २५ मध्ये २२. ज्यांना हे प्रमाण स्वतः ठरवायचं असतं त्यांच्यासाठी वेगळा पर्याय आहे, पण तो घेतला की लक्षही स्वतःलाच ठेवावं लागतं.

या दोन निवडींपैकी मोठी कुठली, हे कागदावर मांडून बघितलं. समजा शेअर्समधला पैसा कर्जरोख्यांपेक्षा दीर्घकाळात वर्षाला चार टक्के जास्त देतो. ही माझी मांडणीपुरती धारणा आहे, हमी नाही. मग शेअर्सचं प्रमाण ४४ वरून ६६ केलं तर सगळ्या रकमेवर फरक पडतो वर्षाला सुमारे ०.८८ टक्के. आता समजा, आपण निवडलेला व्यवस्थापक शेअर्समध्ये दुसऱ्यापेक्षा अर्धा टक्का सरस निघाला. रकमेतला निम्मा भाग शेअर्समध्ये असेल तर एकूण फरक पाव टक्का. म्हणजे जो रकाना लोक घाईत ओलांडतात, त्याचं वजन जिथे लोक तासभर अडतात त्याच्या तिपटीहून जास्त.

व्यवस्थापकांमधला फरक मुळात कमी का राहतो, त्यालाही कारण आहे. शेअर्सच्या योजनेत त्यांना मन मानेल ते घेता येत नव्हतं. बाजारमूल्याने पहिल्या दोनशे कंपन्यांच्या यादीतूनच निवडायचं, असा तेव्हा नियम होता. एकाच दुकानातून सगळ्यांनी बाजार करायचा, मग पिशव्या फार वेगळ्या कशा असतील? शुल्कही नगण्य होतं. २०२१ पासून लागू असलेल्या टप्प्यांप्रमाणे लाखामागे वर्षाला तीस ते नव्वद रुपये.

तरीही व्यवस्थापक डोळे झाकून घेऊ नये. एनपीएस ट्रस्टच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचे परतावे योजनेनुसार मिळतात. मी तिथे एक वर्षाचा रकाना झाकतो आणि पाच, सात, दहा वर्षांचे बघतो. एखादा व्यवस्थापक तिन्हीत वरच्या निम्म्यात असेल तर पुरे. पहिला नंबर कुणाचा हे दर वर्षी बदलतं. टाटा आणि अ‍ॅक्सिससारखे २०२२ मध्ये आलेले व्यवस्थापक वाईट नाहीत, पण त्यांचा लांबचा इतिहासच नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मला काही ठरवता येत नाही. शेअर्सइतकाच सरकारी रोख्यांचा रकानाही बघावा. "सरकारी" म्हणजे कधी खाली न जाणारं, असं अनेकांना वाटतं. लांब मुदतीच्या रोख्यांची किंमत व्याजदर चढले की उतरते, आणि युनिटचं, म्हणजे योजनेतल्या आपल्या हिश्श्याचं, मूल्य रोज बाजारभावाने मोजलं जात असल्याने ती घसरण खात्यात दिसते. ती बघून घाबरून खातं बंद पाडणारे लोक मी पाहिले आहेत.

वहिनींनी विचारलं, "चुकलं तर?" व्यवस्थापक वर्षातून एकदा बदलता येतो, आणि तसं केल्याने कर लागत नाही. हे कळल्यावर त्या मोकळ्या झाल्या. एलसी ७५ त्यांनी घेतला, आणि जुन्या व्यवस्थापकांपैकी एक. कुठला ते इथे लिहीत नाही, कारण त्याच पातळीवरचे आणखी दोन-तीन घेतले असते तरी माझी हरकत नव्हती.

पहिला हप्ता, आणि मध्येच आलेला अर्थसंकल्प

पॅनची वाट बघत असताना १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प आला, आणि खातं उघडण्याचं मूळ कारणच हललं. ते आकड्यांत असं होतं.

वहिनींचं करपात्र होऊ शकणारं उत्पन्न वर्षाला साधारण बारा लाख. घरकर्जाचं व्याज दोन लाख, ८० सीची दीड लाखांची मर्यादा भरलेली. २०२४-२५ साठी जुन्या करपद्धतीत एनपीएसशिवाय कर आणि उपकर मिळून ८५,८०० होत होता, नव्या पद्धतीत ८३,२००. म्हणजे एनपीएस नसतं तर नवी पद्धत सरस होती. कलम ८० सीसीडी (१बी) खाली पन्नास हजारांची जादा वजावट धरली की जुन्या पद्धतीचा कर ७५,४०० वर येतो. जुन्या पद्धतीत आधी आणि नंतर बघितलं तर १०,४०० वाचल्यासारखे दिसतात, पण तुलना करायची ती नव्या पद्धतीशी. खरी बचत ७,८०० रुपये.

ही झाली त्या वर्षाची गोष्ट. अर्थसंकल्पाने २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर शून्य केला. पुढच्या वर्षी वहिनींनी जुन्या पद्धतीत राहण्याला अर्थच उरला नाही, आणि नव्या पद्धतीत स्वतः भरलेल्या पन्नास हजारांची वजावट मिळत नाही. शिवाय व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याने एकदा जुनी पद्धत निवडून नव्यात परत पाऊल टाकलं की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही.

मी हे सगळं त्यांना सांगितलं आणि स्पष्ट विचारलं, अजून उघडायचं आहे का? तेव्हाच्या नियमांप्रमाणे हा साठीपर्यंत अडकणारा पैसा होता, आणि साठीलाही त्यातला एक हिस्सा पेन्शनसाठीच गुंतवावा लागत होता. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझे हात चालतात तोवर क्लिनिक चालतं, भावजी. फिजिओचे मनगट आणि पाठ आधी जातात. कर वाचो न वाचो, मला हे हवंय." या वर्षी पन्नास हजार आणि पुढे दर महिन्याला दोन हजार, असं त्यांनी ठरवलं. टियर १ मध्ये तेव्हा सुरुवातीला किमान ५०० आणि वर्षाला किमान १,००० रुपयांची अट होती, म्हणजे अडचणीच्या वर्षी हात आखडता घेण्याची सोय होतीच.

पन्नास हजार एकदम भरायला मी नको म्हटलं. अर्जासोबत नेटबँकिंगने फक्त १,००० भरले. कार्ड वापरलं नाही, कारण कार्डाचं शुल्क रकमेच्या टक्क्यांत लागतं. पैसे गेल्यावर बारा आकडी प्रान, म्हणजे एनपीएसचा कायमचा खाते क्रमांक, आला, मग आधारच्या ओटीपीने सही झाली. ही ई-सही राहून गेली तर अर्ज छापून सही करून ९० दिवसांत सीआरएकडे पाठवावा लागतो, नाहीतर खातं गोठवतात. क्रमांक मिळाला म्हणजे काम झालं, अशा समजुतीत इथेच लोक फसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन: खात्यात शून्य दिसतंय. दिसणारच होतं. या मार्गाने पैसे आधी ट्रस्टी बँकेकडे जातात, तिथून व्यवस्थापकाकडे, आणि मग युनिट मिळतात. कामाचे दोनेक दिवस लागतात. त्यात बुधवारी, २६ तारखेला महाशिवरात्रीची सुट्टी. शुक्रवारी युनिट दिसले, तीन वेगवेगळ्या योजनांत विभागलेले: शेअर्स, कंपन्यांचे रोखे, सरकारी रोखे. शेअर्सचा वाटा ६६ टक्के आहे का, हे आम्ही स्टेटमेंटवर मोजून बघितलं. होता.

उरलेल्या रकमेसाठी डी-रेमिट वापरलं. यात सीआरएच्या पानावरून आपल्या प्रानला जोडलेला एक कायमचा आभासी खाते क्रमांक मिळतो, तो बँकेत लाभार्थी म्हणून जोडायचा. सकाळी ११ च्या आत ट्रस्टी बँकेत पोहोचलेल्या पैशांना त्याच दिवसाचा भाव मिळतो. टियर १ आणि टियर २ या जोडखात्याचे क्रमांक वेगळे असतात. टियर २ मध्ये गेलेल्या पैशांवर ही वजावट नाही, म्हणून क्रमांक दोनदा वाचून आधी ५०० पाठवले. ते टियर १ मध्ये दिसल्यावरच ६ मार्चला ४८,५०० पाठवले. स्टेटमेंटवर पन्नास हजार पूर्ण झाले ते वर्ष संपायच्या तीन आठवडे आधी. मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांवर हे कुणी ढकलू नये. पैसे वाटेत अडकले तर वर्ष हातातून जातं.

पुढे एकदा स्टेटमेंटमध्ये काही युनिट कमी झालेले बघून वहिनी धास्तावल्या होत्या. ते सीआरएचं देखभाल शुल्क होतं, ते रोख न घेता युनिट कमी करून वसूल करतात.

आता दादाचं खातं उघडायचं आहे. त्याच्या बँक खात्यावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर आहे. अर्ज अजून उघडलेला नाही. आधी तो बँकेत जाऊन येईल, मग मी त्याला एक रुपया पाठवीन.